पोझ तीच, बाकी सगळं नवं: कंट्रोलनेटमध्ये सांगाडा की कडा?

समजा, तुमच्याकडे खुर्चीत पायावर पाय टाकून, हनुवटीला हात लावून बसलेल्या माणसाचा फोटो आहे. बसण्याची ढब तशीच ठेवून तुम्हाला त्याचा अंतराळवीर करायचा आहे. नुसत्या प्रॉम्प्टमध्ये हे लिहून पाहिलं, तर दर वेळी हातपाय वेगळीकडेच जातात. इथे कंट्रोलनेट कामी येतं. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या एआयला जोडलेलं हे साधन फोटोतून शरीराचा सांगाडा किंवा वस्तूंच्या कडा काढतं आणि नवं चित्र त्यांना धरून बनवून घेतं.

स्टेबल डिफ्यूजन ब्राउझरमधून चालवणाऱ्या वेबयूआयमध्ये त्याच्या १.५ आवृत्तीवर आधारलेलं मॉडेल निवडा. कंट्रोलनेटच्या पॅनेलमध्ये फोटो टाका, `Enable` आणि `Pixel Perfect` वर टिक करा. मग फोटोतून सांगाडा काढणारा प्रीप्रोसेसर `dw_openpose_full` आणि मॉडेल `control_v11p_sd15_openpose` निवडा. एसडीएक्सएल या स्टेबल डिफ्यूजनच्या पुढच्या आवृत्तीसाठी हे मॉडेल चालत नाही, त्याचं वेगळं लागतं. चित्राची लांबी-रुंदी फोटोच्याच प्रमाणात ठेवा, नाहीतर सांगाड्याचा काही भाग कापला जाईल.

आता लगेच चित्र बनवायला घेऊ नका. प्रीप्रोसेसरशेजारचं स्फोटाचं चिन्ह दाबून आधी सांगाडा पाहा. आपल्या फोटोत मनगट हनुवटीला टेकलेलं आहे, त्यामुळे ते सापडलेलंच नसेल, किंवा बोटांचा गुंता झाला असेल. इथली चूक पुढे प्रॉम्प्टने सुधारत नाही. `Edit` मध्ये जाऊन बिंदू हाताने सरकवा. तयार सांगाड्याचं चित्र तुम्ही स्वतः टाकत असाल, तर प्रीप्रोसेसर `none` ठेवा. तसं केलं नाही, तर तो त्या रंगीत रेघांमध्येही माणूस शोधू लागतो आणि बहुधा काळं चित्र हाती देतो.

प्रॉम्प्ट लिहिताना एक गोष्ट हमखास विसरते: सांगाड्यात खुर्ची नसते. ‘धातूच्या खुर्चीवर बसलेला अंतराळवीर’ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर माणूस अधांतरी बसतो. (प्रॉम्प्ट अर्थात इंग्रजीत.) सांगाडा सपाट असल्यामुळे कुठला पाय पुढे, कुठला मागे हेही त्याला सांगता येत नाही. म्हणून पायावर पाय टाकलेल्या पोझमध्ये कधी पायांची अदलाबदल होते, कधी ते एकमेकांत मिसळतात.

तिथे कडांचा नकाशा कामी येतो. दुसऱ्या युनिटमध्ये तोच फोटो, प्रीप्रोसेसर `canny` आणि मॉडेल `control_v11p_sd15_canny` घ्या. पण कॅनी कपड्यांची बाह्यरेषाही पकडून ठेवतो. जोर पूर्ण, म्हणजे १ ठेवला, तर अंतराळवीराचा जाड सूट मूळ शर्टाच्या मापात कोंबला जातो, आणि मागची खिडकीसुद्धा चित्रात येते. त्यामुळे कॅनीचा `Control Weight` ०.४ च्या आसपास आणि `Ending Control Step` ०.४ ठेवून सुरुवात करा. ढोबळ मांडणी पहिल्या टप्प्यांत ठरते. ती ठरली की कॅनी बाजूला होतो आणि सूटला फुगायला जागा मिळते. सांगाड्याचा जोर मात्र १ वरच राहू द्या.

सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, तोच ठेवा आणि बाकीच्यांपैकी एका वेळी एकच आकडा बदला. सूट अंगाला चिकटलेला दिसला, तर कॅनी आणखी लवकर थांबवा. पाय पुन्हा मिसळू लागले, तर थोडा उशिरा.