कम्युनिटी रूमच्या वाय-फायचा नवा पासवर्ड : सूचना कशी लिहावी

पासवर्ड बदलल्यावर सभासदांच्या बहुतेक तक्रारी एकाच कारणाने येतात. नेटवर्कचं नाव तेच असतं, त्यामुळे फोन साठवलेला जुना पासवर्डच पुन्हा पुन्हा वापरून पाहतो आणि जोडला जात नाही. काही फोन नवा पासवर्ड विचारतसुद्धा नाहीत. मग ‘वाय-फाय बंद आहे’ असे फोन सुरू होतात. म्हणून जुनं नेटवर्क फोनमधून काढायला सांगणारी ओळ सूचनेत हवीच.

आधी पासवर्ड नीट निवडा. किमान ८ अक्षरं लागतातच. १५-१६ असलेली बरी. O आणि 0, तसंच l, I आणि 1 कागदावर सारखेच दिसतात, ते टाळा. एकमेकांशी संबंध नसलेले दोन साधे शब्द आणि मध्ये आकडा घेतला की टाइप करणंही सोपं जातं. * आणि _ ही चिन्हंही नकोत. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ताऱ्यांमधला मजकूर ठळक होतो आणि तारे दिसेनासे होतात. लोक मग अर्धवट पासवर्ड टाकत बसतात.

राउटरवर पासवर्ड बदलला की आधी स्वतःचा फोन जोडून पाहा आणि मगच सूचना लावा. तिथला टीव्ही, प्रिंटर किंवा कॅमेरा याच वाय-फायवर असेल तर तोही तुटतो, त्याच वेळी तो जोडून घ्या.

सूचना एवढीच पुरे :

```
कम्युनिटी रूम : वाय-फायचा नवा पासवर्ड
रविवार, सकाळी १० पासून

नेटवर्क : Society-Room
पासवर्ड : pankha-76-khidki
सगळी अक्षरे लहान, स्पेस नाही.

जुना पासवर्ड चालणार नाही. फोनच्या
वाय-फाय सेटिंगमध्ये Society-Room
निवडून Forget करा, मग नवा टाका.

अडचण आल्यास : सोसायटी ऑफिस
– सचिव
```

पासवर्ड स्वतंत्र ओळीत, मोठ्या टाइपात छापा आणि त्याच्यापुढे पूर्णविराम देऊ नका. लोक तोही टाइप करतात. (नमुन्यातला पासवर्ड जसाच्या तसा उचलू नका, तो आता सगळ्यांनी वाचलाय.) बदलाचं कारण लिहायची गरज नाही. लिहायचंच तर एका ओळीत, कोणावर रोख न ठेवता.

कागद रूमच्या आत लावा. गेटजवळच्या फलकावर लावलात तर येणारा-जाणारा कोणीही वाचेल. ग्रुपवर टाकताना पासवर्डचा वेगळा मेसेज करा, म्हणजे तो दाबून धरून जसाच्या तसा कॉपी होतो. सूचनेखाली क्यूआर कोड छापला तर टाइप करायचीही गरज उरत नाही. त्यासाठी कोड बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा मजकूर द्या :

```
WIFI:T:WPA;S:Society-Room;P:pankha-76-khidki;;
```

शेवटचे दोन अर्धविराम गाळू नका. आणि पुढच्या वेळी पासवर्ड बदलाल तेव्हा जुना कोड काढून टाका. तो तसाच राहिला तर स्कॅन करणाऱ्याला जुनाच पासवर्ड मिळतो.