ट्रेकिंग कोर्सची रजा मागण्याआधी दोन दिवसांची रंगीत तालीम

सावध साहेबांना डोंगराची भीती नसते. आपल्या गैरहजेरीत एखादी तारीख चुकेल याची असते. म्हणून रजा तारखांवरून मागावी.

मी इंदूरला एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. दरमहा २० तारखेला जीएसटीचं ३बी आणि ७ तारखेला टीडीएसचा भरणा. मधली जागा मोकळी, म्हणून २१ मे ते ४ जूनची बॅच निवडली, जाण्यायेण्याचे दिवस धरूनच. अडचण एकच होती: ३१ मेचं टीडीएस विवरणपत्र. ते निघण्याआधी भरते, असं अर्जातच लिहिलं.

तरी साहेब म्हणाले, "बघू." मग मी आधी दोनच दिवसांची रजा घेतली, सहकाऱ्याकडे काम सोपवलं आणि फोन बंद ठेवला, कारण वरच्या कॅम्पवर रेंज मिळेलच असं नसतं. परतल्यावर काम दोन ठिकाणी अडलेलं दिसलं: बँकेचा ओटीपी माझ्या मोबाइलवर येत होता, आणि एका व्यापाऱ्याची जुनी बिलं फक्त मलाच ठाऊक होती. दोन्ही सोडवून ती यादी साहेबांसमोर ठेवली. सही तिथेच झाली.

ही तालीम कोर्सची फी भरण्याआधी करा. भरलेल्या फीचा दबाव साहेबांना लगेच जाणवतो.