आकडा ११८, जहाज कोणाचं? युद्धनौकेचा देश निशाणावरून आणि अंगावरच्या क्रमांकावरून कसा ओळखावा

नागपूरपासून समुद्र कुठल्याही दिशेला लांबच, त्यामुळे आमच्याकडे युद्धनौका फोटोतूनच येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाच एक फोटो आला: राखाडी जहाज, पुढच्या बाजूला मोठ्ठा ११८, मागे लोंबकळणारं लालसर निशाण, आणि खाली मजकूर, 'चिनी युद्धनौका बंगालच्या उपसागरात!' पुतण्याने विचारलं, "काका, हे चिनीच आहे हे यांनी काहून ठरवलं?" लाल रंग दिसला म्हणून, एवढंच उत्तर होतं. तेव्हा त्याला जे समजावून सांगितलं, तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

पहिली पायरी: आकड्याच्या आधी अक्षर आहे का ते पाहा

जहाजाच्या नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या भागावर दोन्ही बाजूंना जो क्रमांक रंगवलेला असतो, त्याला पेनंट क्रमांक म्हणतात. जगातल्या बऱ्याच नौदलांची या बाबतीत दोन घराणी पडतात. ब्रिटिश घराण्यात आकड्याआधी जहाजाचा प्रकार सांगणारं इंग्रजी अक्षर असतं: डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट, आर म्हणजे विमानवाहू, ए म्हणजे रसद वाहणारं साहाय्यक जहाज. आपलं नौदल याच घराण्यातलं. कोलकाता ही डी ६३, शिवालिक एफ ४७ आणि विक्रांत आर ११. बांगलादेश, न्यूझीलंड आणि युरोपातली बरीच नौदलंही अशीच अक्षरं लावतात.

दुसरं घराणं अमेरिकी पद्धतीचं. तिथे कागदोपत्री अक्षरं असतात, पण लढाऊ जहाजाच्या अंगावर नुसता आकडा रंगवतात; पांढरा, आणि त्याला काळी सावली. जपान आणि चीनही साधारण असंच करतात. सावली पाडल्यामुळे आकडा अंगावरून उठून दिसतो आणि लांबूनही वाचता येतो. जपानच्या मोगामी वर्गाच्या नव्या जहाजांवर मात्र तो मुद्दाम फिक्या राखाडी रंगात असतो, चटकन डोळ्यांत भरू नये म्हणून. तेव्हा सावली दिसली नाही म्हणून जपान वगळू नका.

अक्षर दिसलं तर अमेरिका, जपान आणि चीन यांच्या लढाऊ जहाजांचा प्रश्नच संपला. उलट मात्र खरं नाही. नुसता आकडा दिसला म्हणून जहाज अमेरिकी, जपानी किंवा चिनीच असेल असं नाही. ऑस्ट्रेलियाची होबार्ट नुसती ३९ असते आणि कॅनडाची हॅलिफॅक्स ३३०. हे दोन्ही देश ब्रिटिश वळणाचे, तरी त्यांनी अंगावरून अक्षर काढून टाकलं. रशियाही नुसते तीन आकडे लिहितो आणि त्याच जहाजाचा आकडा काळाच्या ओघात बदलतोही. म्हणून जुन्या फोटोतला रशियन आकडा आजच्या यादीत शोधण्यात वेळ घालवू नये.

आमच्या फोटोत अक्षर नव्हतं. म्हणजे ते भारतीय जहाज नव्हतं, एवढं ठरलं. चिनी आहे हे मात्र अजून कुठेच ठरलेलं नव्हतं.

दुसरी पायरी: आकड्यावरून देश ठरवू नका

आकड्यावर विसंबलं की गडबड होते. ११८ हा क्रमांक अमेरिकेच्या डॅनियल इनोये या विनाशिकेवर आहे, जपानच्या फुयुझुकीवर आहे आणि चीनच्या उरुमचीवरही आहे. तिन्ही विनाशिका, तिन्ही राखाडी, आणि तिन्हींच्या आकड्याआधी अक्षर नाही. हा काही एकट्या ११८ चा योगायोग नाही. ११५, ११६ आणि ११७ हे क्रमांकही या तिन्ही नौदलांत आहेत. क्रमांक प्रत्येक नौदल आपल्या सोयीने देतं. चीनमध्ये शंभरीतले आकडे विनाशिकांना आणि पाचशेतले फ्रिगेटना देण्याची पद्धत आहे, तर अमेरिकेत विनाशिकांचा आकडा एकेक करत वर सरकत इथवर आला आहे.

एकाच देशात एकच क्रमांक दोनदा आलेला तर आपणच पाहिला आहे. आर ११ जुन्या विक्रांतवर होता आणि नव्या विक्रांतवरही आहे.

आणखी एक सापळा लक्षात ठेवा. फोटो आडवा उलटवलेला असला, तर ११८ चा ८११ होतो आणि साध्या घडणीच्या आकड्यांत तो अगदी खरा वाटतो, कारण एक आणि आठ उलटवूनही तसेच दिसतात. म्हणून फोटोत दुसरं एखादं लिखाण शोधा: पिछाडीवरचं नाव, धक्क्यावरची पाटी, काहीही. ते उलटं वाचावं लागत असेल तर आकडाही उलटा धरा. निशाणावरून हे कळत नाही, कारण त्याचा काठीकडचा कोपरा उलटवलेल्या फोटोतही काठीकडेच राहतो.

तिसरी पायरी: बरोबर निशाण शोधा

जहाजावर एकाच वेळी तीन-चार झेंडे असू शकतात आणि राष्ट्रीयत्व सांगणारं निशाण त्यातलं एकच. बंदरात जहाज उभं असताना ते पिछाडीच्या काठीवर असतं. नाळेच्या टोकावर बंदरात वेगळं निशाण लावतात. जपानी जहाजाच्या नाळेवर त्यांचा साधा राष्ट्रध्वज असतो आणि पिछाडीवर किरणांचा सूर्य, तेव्हा हे दोन्ही एकच समजू नका. डोलकाठीवर रंगीबेरंगी संकेतझेंडे असतात, आणि समारंभात यजमान देशाचा झेंडाही तिथेच चढतो. विशाखापट्टणमला आलेल्या परदेशी जहाजाच्या डोलकाठीवर तिरंगा दिसला म्हणून ते आपलं होत नाही!

जहाज समुद्रात निघालं की बरीच नौदलं आपलं निशाण पिछाडीवरून उतरवून डोलकाठीच्या मागच्या तिरक्या आडकाठीवर लावतात. त्यामुळे आधी पाहा, जहाज बांधलेलं आहे की चाललं आहे, आणि मग कुठे बघायचं ते ठरवा. बंदरात निशाण साधारण सकाळी ८ ला चढतं आणि सूर्यास्ताला उतरतं. म्हणून संध्याकाळनंतरच्या फोटोत काठी रिकामी असली तर त्यात काही गूढ नाही.

चौथी पायरी: निळा रंग कुठे आहे ते बघा

आता परत ११८ कडे. तिन्ही उमेदवारांच्या निशाणांत लाल-पांढरा रंग आहे, आणि वारा पडला की तिन्ही कापडं सारखीच लोंबतात. अशा वेळी चित्र ओळखायला जाऊ नका. निळा रंग शोधा.

अमेरिकी जहाजावर त्यांचा राष्ट्रध्वजच असतो, आणि त्याचा गडद निळा चौकोन काठीकडे वर असतो. चिनी नौदलाचं निशाण वरचा मोठा भाग सरळ लाल, काठीकडे वर पिवळी चांदणी, आणि खालच्या भागात निळे-पांढरे आडवे पट्टे, असं असतं. जपानी निशाणात निळा कुठेच नाही: पांढऱ्यावर लाल सूर्य, काठीकडे थोडा सरकलेला, आणि त्यातून फुटणारे १६ किरण. म्हणजे निळा वर असेल तर अमेरिका, खाली असेल तर चीन, अजिबात नसेल तर जपान. कापड लोंबलं तरी त्याची काठीकडची कड काठीला धरून असते, म्हणून वर आणि खाली हे बदलत नाही.

हे खरंच चालतं का, ते आम्ही फुटाळा तलावावर पाहिलं. पुतण्याने पतंगाच्या कागदाची तीन निशाणं केली आणि एकेक बांबूला बांधून उभा राहिला. मी पलीकडच्या काठावरून दुर्बिणीतून पाहत होतो. वारा असताना तिन्ही ओळखली. वारा पडल्यावर जपानी आणि अमेरिकी ओळखलं, पण चिनीत एकदा चुकलो, कारण खालचे पट्टे एका घडीत पूर्ण लपले होते. तेव्हापासून निळा दिसला नाही की मी लगेच जपान म्हणत नाही. त्या कापडात पांढरा किती आहे ते बघतो. किरणांच्या निशाणात पांढरा वरपासून खालपर्यंत विखुरलेला असतो. चिनीच्या वरच्या भागात तो नसतोच.

आमच्या फोटोत निळा नव्हता आणि लाल-पांढऱ्याच्या चिरफळ्या वरपासून खालपर्यंत दिसत होत्या. शिवाय तीच पोस्ट पाठवणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवला, तर पिछाडीवर चार गोलसर, वळणदार अक्षरं होती. जपानी जहाजांची नावं पिछाडीवर हिरागाना लिपीत असतात. चिनी जहाजावर चौकटीत बसवल्यासारखी दाट अक्षरं आणि सोबत रोमन लिपीतलं नाव असतं. अमेरिकी जहाजावर सरळ इंग्रजी. म्हणजे आमची ११८ फुयुझुकी होती. ग्रुपवर तसं लिहिलं, त्यावर कोणी काही बोललं नाही. दहा मिनिटांनी तर्री पोह्याचा फोटो आला.

आपल्या घराण्यातली गफलत

अक्षर असलेल्या जहाजांत मात्र निळ्याची युक्ती उपयोगी नाही. भारत, बांगलादेश आणि श्रीलंका या तिघांचं निशाण पांढरं, आणि काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात आपापला राष्ट्रध्वज. त्यातही भारत आणि बांगलादेश, दोघेही फ्रिगेटला एफ आणि दोन आकडे लावतात. बांगलादेशच्या बंगबंधू नावाच्या फ्रिगेटवर एफ २५ होता. आपल्या गोदावरीवर एफ २० होता. नुसत्या क्रमांकावरून यांना वेगळं करता येत नाही. कोपऱ्यात हिरव्यावर लाल गोल असेल तर बांगलादेश. तिरंगा असेल तर आपलं, आणि मग उरलेल्या पांढऱ्या भागात सोनेरी किनारीचा निळा अष्टकोन शोधा, म्हणजे खात्री पटते.

हा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे आणि तो २ सप्टेंबर २०२२ पासूनच्या निशाणावर आहे. नव्या विक्रांतच्या समावेशाच्या दिवशी कोचीला ते फडकलं. त्याआधीच्या फोटोत तिरंग्याबरोबर पांढऱ्यावर लाल उभा-आडवा क्रूस दिसेल. क्रूस पाहून ब्रिटिश म्हणण्याची चूक इथे होते. ब्रिटिश निशाणावरही तोच लाल क्रूस आहे, पण कोपऱ्यात युनियन जॅक. म्हणून कोपरा आधी बघा, क्रूस नंतर. २००१ ते २००४ या काळात आपल्याही निशाणावर क्रूस नव्हता, त्यामुळे त्या वर्षांचा फोटो असेल तर क्रूस नाही म्हणून शंका घेऊ नका.

युद्धाच्या काळात जहाजांवरचे आकडे रंगाने झाकून टाकतात. २०२२ मध्ये रशियाच्या काळ्या समुद्रातल्या जहाजांच्या बाबतीत तसं दिसलं. तिथे पांढऱ्यावर निळा तिरपा क्रूस, म्हणजे त्यांचं सेंट अँड्र्यूचं निशाण, तेवढाच आधार उरतो. आणि ते निशाणही दिसत नसेल, तर फोटोखाली देशाचं नाव लिहू नये.