छाती भरलेल्या बाळाचा श्वास बघताना या चुका टाळा

साध्या सर्दीने सुरुवात होते. नाक वाहतं, बारीक ताप येतो, दोन दिवसांनी खोकला लागतो. घरातले म्हणतात, आता उतरेल. पण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान बाळ जोरजोरात श्वास घेऊ लागतं, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि दूध अर्धवट सुटतं. दोन वर्षांखालच्या, त्यातही पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळांना होणारा हा आजार म्हणजे ब्राँकिओलायटिस. बहुतेक वेळा त्यामागे आरएसव्ही हा विषाणू असतो, कधी सर्दीचे इतर विषाणू असतात. बहुसंख्य बाळं घरीच बरी होतात. ज्यांना रुग्णालयाची गरज असते, त्यांची लक्षणंही आधी दिसलेली असतात. चूक होते ती ती वाचण्यात.

चूक पहिली: नळ्या आकसल्या आहेत असं समजून दम्याची औषधं देणं

फुप्फुसात श्वासनलिकांना फाटे फुटत जातात आणि शेवटच्या बारीक नळ्या एक मिलिमीटरपेक्षाही अरुंद असतात. विषाणू त्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो. अस्तर सुजतं, मेलेल्या पेशी गळून पडतात, त्यात चिकट स्राव मिसळतो आणि या सगळ्याचे बोळे नळीत अडकतात. दम्यात नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात. इथे मुख्य अडथळा नळीच्या आत असतो. म्हणून स्नायू सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या वाफेने या बाळांना सहसा काही फरक पडत नाही. उलट नाडी वाढते आणि बाळ चिडचिडं होतं. स्टेरॉइडचाही नेहमीच्या ब्राँकिओलायटिसमध्ये उपयोग दिसलेला नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालतच नाही. घरात मोठ्या भावंडाचं नेब्युलायझर आहे म्हणून ते बाळाला लावण्याचा मोह टाळावा. त्याने बरं काही होत नाहीच, पण काहीतरी उपाय चालू आहे या समाधानात डॉक्टरांकडे जाणं लांबतं.

एवढीशी सूज बाळाला इतकी का नडते, हे आकड्यांत पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून जरा मोठी नळी घेऊ. बाळाची ४ मिलिमीटर व्यासाची नळी चहूबाजूंनी १ मिलिमीटरने सुजली, तर वाट २ मिलिमीटर उरते. सरळ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध १६ पट होतो. मोठ्या माणसाच्या ८ मिलिमीटरच्या नळीत तेवढीच सूज आली, तर विरोध जेमतेम तिप्पट होतो. त्यामुळे ज्या विषाणूने आईबाबांना फक्त शिंका येतात, तोच बाळाला धाप लावतो.

यात आणखी एक गोम आहे. श्वास आत घेताना नळ्या किंचित रुंदावतात, सोडताना अरुंद होतात. बोळ्याच्या कडेने हवा आत शिरते, पण बाहेर पडत नाही. छाती फुगलेली राहते. फुगलेल्या छातीत नवा श्वास ओढायला जास्त ताकद लागते आणि बाळाच्या बरगड्या मऊ, आडव्या असल्याने त्या ओढीने आत दबतात. नळी पूर्ण बंद झाली, तर तिच्या पुढचा फुप्फुसाचा भाग मिटतो आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो.

चूक दुसरी: आवाज ऐकत बसणं, छाती न बघणं

घरघर ऐकून घाबरणारे पालक पुष्कळ असतात. पण घरघर बहुतेक वेळा नाकातल्या शेंबडाची असते आणि ती धोक्याची खूण म्हणून फारशी कामाची नाही. खरी माहिती उघड्या छातीवर दिसते. बाळाचे कपडे वर करा, चांगल्या उजेडात ठेवा, आणि बाळ शांत असताना निरखून बघा.

प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली किंवा दोन बरगड्यांच्या मधे खळगा पडतोय का? गळ्याच्या खाली, छातीच्या हाडाच्या वर कातडी आत ओढली जाते का? नाकपुड्या फुलतात का? श्वासासोबत डोकं वर-खाली हलतं का? श्वास सोडताना प्रत्येक वेळी कण्हल्यासारखा ‘अंह’ आवाज येतो का? तो आवाज येतो, कारण बाळ घसा आवळून फुप्फुसातली हवा धरून ठेवायचा प्रयत्न करत असतं, म्हणजे फुप्फुसाचे भाग मिटू लागलेत. आवाजांपैकी हा एक मात्र गांभीर्याने घ्यावा, बाकी घरघरीपेक्षा कितीतरी जास्त.

नुसतं पोट हलणं मात्र आजार नाही. लहान बाळं नेहमीच पोटाने श्वास घेतात.

चूक तिसरी: श्वास मोजण्याची घाई

पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे चालत नाही. बाळाचा श्वास एका लयीत नसतो. काही श्वास भराभर, मग क्षणभर थांबा, पुन्हा भराभर. म्हणून घड्याळ समोर ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजा. पोट एकदा वर-खाली झालं की एक श्वास. बाळ झोपलेलं किंवा शांत असावं. रडताना, दूध पिताना किंवा अंगात ताप चढलेला असताना आकडा वाढतो. ताप असेल तर तो उतरल्यावर पुन्हा मोजा, पण धाप स्पष्ट दिसत असेल तर त्यासाठी थांबू नका.

दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा जास्त, आणि वर्षापुढे ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद समजतात. ७० च्या वर आकडा गेला तर घरी वाट बघण्याचा प्रश्नच उरत नाही. आकडा वेळेसह लिहून ठेवा, कारण एका आकड्यापेक्षा चार तासांत तो कुठून कुठे गेला हे डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

मोठ्यांच्या बोटाला लावायचा ऑक्सिमीटर बाळाच्या बोटाला नीट बसत नाही आणि हलणाऱ्या हातावर वाटेल तो आकडा दाखवतो. शिवाय बाळ जिवाच्या आकांताने श्वास ओढत असतं तेव्हा ऑक्सिजन काही काळ बराही दिसू शकतो. यंत्रावर ९७ दिसतंय म्हणून छातीतल्या खळग्याकडे दुर्लक्ष करू नये.

चूक चौथी: ताप उतरला म्हणून निर्धास्त होणं

या आजारात ताप हा फार कच्चा मोजमापक आहे. दूध आणि लघवी हे पक्के. एक नमुना घेऊ. चार महिन्यांची, ६ किलो वजनाची मुलगी बाटलीने दिवसाला सात वेळा १२० मिलि, म्हणजे ८४० मिलि दूध पिते. पहिल्या दिवशी नाक वाहतं आणि ३७.८ अंश सेल्सिअस ताप आहे. दुसऱ्या दिवशी खोकला, पण दूध जवळपास पूर्ण. तिसऱ्या दिवशी झोपेत श्वास ४४, प्रत्येक वेळी ९० मिलि घेते. चौथ्या दिवशी सकाळी ताप नाही, घरच्यांना हायसं वाटतं. पण श्वास ५८ झालाय, बरगड्यांखाली खळगा दिसतो, ६० मिलि पिऊन ती बाटली सोडते आणि धापा टाकते. शेवटचा ओला डायपर काल रात्री अकराचा, आता सकाळचे नऊ वाजलेत.

दूध निम्म्यावर आलं, लघवीला दहा तास झाले, छाती आत ओढली जातेय. हिला आज सकाळीच दाखवायचं, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांची सांगड घालावी लागते. श्वास ६० च्या आसपास गेला की गिळायला सवडच मिळत नाही आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. अशा वेळी जबरदस्तीने पाजणं घातक. रुग्णालयात अशा बाळाचा ऑक्सिजन तपासतात, लागला तर देतात, आणि तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून पोटात दूध सोडतात. खास औषध नाही हे ऐकून पालक खट्टू होतात. पण शरीर स्वतः सूज उतरवेपर्यंत ऑक्सिजन आणि पाणी पुरवणं, हाच इथला उपचार आहे.

धाप नसेल आणि दूध थोडंच कमी झालं असेल, तर थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचेवर लावा. दूध पातळ करू नका, वरून पाणी पाजू नका.

चूक पाचवी: नाक सोडून सगळे उपाय करणं

लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, त्यामुळे बंद नाक हा अडथळ्यावर अडथळा ठरतो. दूध देण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाईनचे दोन-तीन थेंब घाला, मिनिटभर थांबा. मग रबरी फुग्याचं सक्शन आधी दाबून, टोक नाकपुडीच्या तोंडाशीच ठेवून हळूच सोडा. खोलवर घालू नका आणि तासातासाला ओढत बसू नका. त्याने अस्तर आणखी सुजतं.

गरम पाण्याची वाफ नको, भाजण्याचा धोका खरा आहे आणि फायदा नाही. कापूर-मेंथॉलचा बाम, खोकल्याची सिरप, छाती थोपटून कफ सुटवण्याचे प्रकार नकोत. वर्षाखालच्या बाळाला मध तर अजिबात नको. तापाने बेचैन असेल तर वजनानुसार डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल पुरे. दोन महिन्यांखाली मात्र ते विचारल्याशिवाय देऊ नका, त्या वयात ताप हेच लगेच दाखवण्याचं कारण असतं. घरात कुणी धूम्रपान करत असेल तर त्या धुराने सूज वाढते, खिडकी उघडून ते भागत नाही.

चूक सहावी, आणि सर्वांत महागात पडणारी: बाळ शांत झालं म्हणजे बरं झालं

तासन्‌तास धापा टाकणाऱ्या बाळाचे श्वासाचे स्नायू थकतात. मग श्वासाचा आकडा ६५ वरून ४० वर येतो, घरघर कमी होते, बाळ गप्प पडतं. सुधारलेलं बाळ कसं दिसतं? डोळे उघडून तुमच्याकडे बघतं, दूध मागतं, हातपाय हलवतं. थकलेलं बाळ हाक मारली तरी नीट जागं होत नाही, अंग ढिलं सोडतं, रंग फिका पडतो. आकडा खाली आला पण बाळ सुस्त असेल, तर ती धोक्याची घंटा आहे.

श्वास मधेच थांबणं, जीभ किंवा ओठ निळसर होणं, सतत कण्हणं, छाती खोल आत ओढली जाणं, जागं न होणं: यांतलं एकही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा. बारा तास डायपर कोरडा असेल किंवा दूध निम्म्यावर आलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तीन महिन्यांखालचं, अपुऱ्या दिवसांचं, किंवा हृदयाचा वा फुप्फुसाचा आधीचा आजार असलेलं बाळ असेल तर या मर्यादांपर्यंतही थांबायचं नाही. सहा आठवड्यांखालच्या बाळात तर कधीकधी खोकला-घरघर फारशी नसतानाही श्वास थांबण्याचे प्रसंग येतात.

पाचव्या-सहाव्या दिवसानंतर श्वास सुटसुटीत होऊ लागतो, दूध वाढतं. खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो. बाळ नीट पीत असेल आणि छाती आत ओढली जात नसेल, तर त्या खोकल्यासाठी औषध शोधू नका. बरं वाटू लागल्यावर ताप पुन्हा चढला किंवा धाप परत आली, तर मात्र नव्याने तपासून घ्या.