पावसाळ्यातली मंदी: सरसकट सूट आणि आंधळी काटकसर, या चुका टाळा

पावसाळ्यात हॉटेलातलं गिऱ्हाईक रोडावलं की पहिला बोर्ड लागतो तो '20 टक्के सूट'चा. तो लावण्याआधी एक हिशेब मांडा. समजा सरासरी बिल 100 रुपये आहे आणि कच्चा माल, गॅस, पॅकिंग असे बिलागणिक होणारे खर्च 40. म्हणजे भाडं-पगार भागवायला हाती 60 राहतात. सूट दिली की बिल 80 वर येतं, खर्च मात्र 40च. हाती राहतात 40. आधी 100 बिलांत जे 6000 सुटत होते, ते सुटायला आता 150 बिलं फाडावी लागतील. भर पावसात दीडपट गर्दी येणार कुठून? लोक महागाईमुळे नाही, भिजायला नको म्हणून घरी बसलेले असतात. सूट घेऊन जातात ते बहुतेक तसेही येणारेच.

पैसे सोडण्यापेक्षा पदार्थ द्या. 20 ला विकला जाणारा, पण करायला 6 लागणारा एखादा पदार्थ बिलासोबत मोफत दिला, तर हाती 54 राहतात आणि तेच 6000 सुटायला 112 बिलं पुरतात. मात्र तो पदार्थ लोक एरवी फारसा मागवत नसावेत. हमखास खपणारा दिलात, तर त्याची विक्रीच बुडते. ऑफर रोज ठेवू नका. गेल्या पावसाळ्यातली बिलं वार आणि तासांनुसार लावून पाहा आणि जिथे खरोखर खड्डा दिसतो तेवढ्याच वेळेपुरती द्या. दोन आठवड्यांनी बिलं किती वाढली हे मोजू नका, हाती किती जास्त राहिलं ते मोजा.

दुसरी चूक म्हणजे 'दुपारी कुणी येत नाही' म्हणून ती पाळी बंद करणं. दुपारी 8 बिलं होत असतील तर हाती 480 येतात. कामगार महिन्याच्या पगारावर असतील, तर बंद ठेवून वाचते फक्त वीज आणि किरकोळ खर्च, धरा 150. म्हणजे रोज 330 चा तोटा. पण दोन रोजंदारीची माणसं कमी होऊन आणखी 500 वाचत असतील, तर बंद ठेवणंच फायद्याचं. पगारी माणसांच्या साठलेल्या रजा मात्र याच महिन्यांत संपवून घ्याव्यात, म्हणजे हंगामात रजेसाठी कुणी अडून बसणार नाही.

मालाची घाऊक खरेदी या दिवसांत टाळा. स्वस्तात घेतलेलं पीठ दमट हवेत गुठळ्या धरतं, किडे होतात आणि वाचलेले पैसे कचऱ्यात जातात.

लॉजिंग असेल तर रिकाम्या खोल्या विखरून ठेवण्यापेक्षा एक मजला पूर्ण बंद करा. गीझर, दिवे, सफाई एकदम वाचते. पण कुलूप लावून विसरू नका. आठवड्यातून दोनदा पंखे लावून खोल्या हवेशीर करा, गाद्या उभ्या करून ठेवा आणि न्हाणीघरातल्या जाळीत बादलीभर पाणी ओता. जाळीखालच्या सापळ्यातलं, वास अडवणारं पाणी आटलं की गटाराचा वास खोलीत शिरतो आणि उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं.