आहारतज्ज्ञांच्या नोंदींचं ऑडिट करताय? या चुका टाळा

वॉर्डमधल्या वीस नोंदी तपासल्या, चेकलिस्टवर बरोबरच्या खुणा मोजल्या आणि अहवालात '९२ टक्के पूर्तता' लिहिलं. असा अहवाल वाचून सगळे निर्धास्त होतात आणि माझी काळजी तिथेच सुरू होते. कारण बहुतेक चेकलिस्ट फक्त 'लिहिलंय का' एवढंच विचारतात. लिहिलेल्या गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसतो का, हे कुणी विचारतच नाही.

एक नोंद घेऊ. रुग्णाचं वजन तीन महिन्यांत ५८ किलोवरून ५२ किलोवर आलंय, म्हणजे सुमारे १० टक्के घट. आहारतज्ज्ञांनी पोषण निदान लिहिलं: गिळायला त्रास होत असल्यामुळे आहार अपुरा, पुरावा म्हणून वजनातली घट आणि ताटात उरणारं निम्मं जेवण. इथवर उत्तम. पुढे उपाययोजनेत 'प्रथिनयुक्त पेय दिवसातून दोनदा' आणि पाठपुराव्यात 'रक्तातली साखर पाहावी'. मूल्यमापन आहे, निदान आहे, उपाय आहे, पाठपुरावाही आहे. चारही रकान्यांत खूण पडते. पण ज्याला गिळता येत नाही, त्याच्या अन्नाच्या घट्टपणाबद्दल किंवा गिळण्याच्या तपासणीबद्दल एक शब्द नाही. आणि खाणं वाढलं की नाही, हे साखरेवरून कसं कळणार?

म्हणून चेकलिस्टमध्ये जोडणीचे दोन प्रश्न घालाच. उपाय निदानातल्या कारणावर आहे का? निदानात दिलेला पुरावाच पाठपुराव्यात पुन्हा मोजायचं ठरलंय का? वरच्या नोंदीत दोन्हींचं उत्तर 'नाही' येतं. (पुन्हा मोजताना रोजचं खाणं आधी पाहावं. शरीरात पाणी साठलं की वजन दोन-चार दिवसांत वरखाली होतं आणि फसवतं.)

असे प्रश्न आले की तपासणाऱ्यांची मतं वेगळी पडतात, हे खरं. त्यावर उपाय सोपा आहे. सुरुवातीला दोघांनी त्याच पाच नोंदी एकमेकांना न दाखवता तपासायच्या आणि मग प्रश्नागणिक उत्तरं ताडून पाहायची. ज्या प्रश्नावर वारंवार मतभेद होतो, त्या प्रश्नाची भाषाच सहसा ढिली असते. 'पाठपुरावा योग्य आहे का' ऐवजी 'काय मोजायचं आणि कोणत्या तारखेला, हे दोन्ही लिहिलंय का' असं विचारलं की वाद बराच कमी होतो. आणि शक्यतो स्वतःच्या नोंदी स्वतः तपासू नयेत. मनातलं आपल्याला आठवत असतं आणि ते कागदावरही आहे असं वाटून जातं.

दुसरी मोठी चूक 'लागू नाही' या रकान्याची. समजा प्रश्न आहे, 'ठरल्या तारखेला पुन्हा भेट झाली का?' वीसपैकी आठ रुग्ण त्या तारखेआधीच घरी गेले. उरलेल्या बारांपैकी सहा जणांची भेट झाली. खरं उत्तर बारापैकी सहा, म्हणजे ५० टक्के. त्या आठांना 'हो'मध्ये ढकललं तर ७० टक्के दिसतात, 'नाही'मध्ये टाकलं तर ३०. त्याच वीस नोंदी आणि तीन वेगळे निष्कर्ष! म्हणून 'लागू नाही' छेदातून वगळा आणि प्रत्येक टक्क्याशेजारी 'बारापैकी सहा' असा मूळ आकडा लिहा. पुढच्या फेरीत बारापैकी सात झाले तर टक्केवारी आठाने वाढलेली दिसेल, पण फरक फक्त एका नोंदीचा असेल. त्याला सुधारणा म्हणायची घाई नको. सगळ्या प्रश्नांची सरासरी काढून एकच गुण देणंही टाळा. नाव आणि तारखेसारख्या सोप्या प्रश्नांचे शंभर टक्के अवघड प्रश्नांची पडझड झाकून टाकतात.

नमुना निवडताना टेबलावर हाताला लागतील त्या फाइली उचलू नका. ठरावीक दोन आठवड्यांतले सगळे संदर्भित रुग्ण क्रमाने घ्या, सुट्टीच्या दिवशी आलेलेही.

आता अहवाल. 'सर्व आहारतज्ज्ञांना प्रशिक्षण द्यावे' हे वाक्य लिहायच्या आधी थांबा आणि नोंद लिहिणाऱ्यांशी बोला. समजा बऱ्याच नोंदींत वजन नाही. विचारल्यावर कळतं की ते रुग्ण उभे राहू शकत नाहीत आणि बसून वजन घ्यायचा काटा दुसऱ्या मजल्यावर आहे. इथे प्रशिक्षणाने काय होणार? कृती अशी लिहा: 'खुर्चीचा वजनकाटा आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी वॉर्डात आणणे, जबाबदारी वॉर्डच्या प्रभारी परिचारिका, सुरुवात अमुक तारखेला, सहा आठवड्यांनी त्याच चेकलिस्टने, त्याच पद्धतीने निवडलेल्या नोंदींत फक्त वजनाचा प्रश्न पुन्हा तपासणे.' अशा कृती एका फेरीत दोन-तीनच ठेवा. वजनाच्या प्रश्नाची भाषा मधल्या काळात बदलली असेल, तर आधीच्या आकड्याशी तुलना करू नका. जुन्या नोंदी नव्या प्रश्नाने पुन्हा तपासून घ्या.