निधनाची बातमी परदेशातल्या नातेवाइकांना इंग्रजीत कळवताना

परदेशात वाढलेल्या नातवंडांना मराठी निरोप वाचता येत नाही, आणि ‘देवाज्ञा झाली’ शब्दशः इंग्रजीत नेलं की फार कोरडं, विचित्र वाटतं.

१. पहिलं वाक्य साधं ठेवा: ‘विथ डीप सॉरो, वी इन्फॉर्म यू दॅट आजी पास्ड अवे पीसफुली धिस मॉर्निंग.’ ‘आजी’ तसंच राहू द्या; नातवंडं तिला त्याच हाकेने ओळखतात.

२. महिना अक्षरांत लिहा. ०५/०६ म्हणजे आपला ५ जून, अमेरिकेत ६ मे.

३. प्रार्थनासभेची वेळ दोन्हीकडची द्या. इथले संध्याकाळचे ५:३० म्हणजे न्यू जर्सीत त्याच दिवशी सकाळचे ८, हिवाळ्यात ७. ऑनलाइन लिंक लगेच त्याखाली.

मात्र सख्ख्या मुला-मुलींना आधी फोन करा, ग्रुपवर नंतर टाका.